प्रतिपिंडांची निवड आणि निपज

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या दंशावर आपल्या देशात जे प्रतिविष टोचतात, ते घोड्याच्या रक्तातून काढलेले असते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम विसाव्या शतकात अनेक दशके चालले. त्याची रीत ऐकायला सोपी आहे. घोड्याला प्रथम विषाची इतकी अल्प मात्रा टोचावयाची की, त्याच्या प्रकृतीस अपाय होऊ नये. मग आठवड्यामागून आठवडे ती मात्रा हलक्या हाताने वाढवीत न्यावयाची. जी मात्रा पहिल्या दिवशी त्याचा प्राण घेती, ती काही महिन्यांनी तो निमूटपणे सोसतो. त्या घोड्याचे रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा केला, की त्यात प्रतिपिंडे नावाची प्रथिने मुबलक सापडतात. ही प्रतिपिंडे विषाच्या रेणूला नेमकी जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करतात.

रीत सोपी, परंतु तिच्यामागचा प्रश्न मोठा अवघड आहे. फुरसे हे कोकणातल्या कातळावरचे जनावर, आणि घोड्याचे पूर्वज चरले ते दूरच्या गवताळ मैदानांत. या दोघांची पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडण्याचे कारण नव्हते. मग फुरशाच्या विषावर तंतोतंत बसणारे प्रथिन कसे घडवावयाचे, हे घोड्याच्या शरीराला कळले कसे? कोणी म्हणेल, सर्प काय आणि घोडा काय, दोघेही सृष्टीचेच. कुठेतरी काही ओळख असेल. परंतु कार्ल लँडस्टायनर यांनी ही पळवाटही बंद करून टाकली. रंगांच्या कारखान्यांतून निघणारी, मनुष्याने घडविण्यापूर्वी सृष्टीत कोठेही नसलेली रसायने प्रथिनांना जोडून त्यांनी प्राण्यांना टोचली. तरीही त्या प्राण्यांच्या रक्तात त्या त्या रसायनाला ओळखणारी प्रतिपिंडे उत्पन्न झाली. इतकेच नव्हे, तर एखादा अणुगट रेणूवरच्या एका जागेऐवजी शेजारच्या जागी असला, तर तेवढा फरकही ती जाणत.

या कोड्याचे जे उत्तर पहिल्यांदा विद्वानांना पटले, ते चुकीचे होते. पण इतके स्वाभाविक होते की, आजही कोणाला विचारले तर तो हेच देईल. परका पदार्थ शरीराला शिकवतो, असे ते उत्तर. १९४० साली लायनस पॉलिंग यांनी त्याला नेमके रूप दिले. प्रतिपिंडाची साखळी तयार होते तेव्हा तिला निश्चित आकार नसतो. परक्या रेणूच्या अंगाशी ती दुमडते आणि त्याचा ठसा घेऊन बाहेर पडते. मऊ लाखेवर मोहोर उठवावी तसा हा प्रकार. मोहोर कोणतीही असो, लाख एकच पुरते.

या कल्पनेला दोन गोष्टींनी अडविले. मोहोर उचलून नेल्यावर नवे ठसे उठत नाहीत. परंतु टोचलेला पदार्थ शरीरातून जवळजवळ नाहीसा झाल्यावरही प्रतिपिंडे महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे, निघतच राहतात. शिवाय तोच पदार्थ दुसऱ्यांदा टोचला, तर प्रतिपिंडे अधिक लवकर आणि अनेक पटींनी अधिक येतात. जणू त्या पदार्थाला ओळखणारे कोणीतरी शरीरात मधल्या काळात संख्येने वाढलेले असते. आणि वाढणे हा ठशाचा धर्म नव्हे. तो सजीवाचा धर्म आहे.

१९५५ साली डेन्मार्कचे नील्स येर्ने यांनी सुचविले की, परका पदार्थ काही शिकवीत नाही. रक्तात आधीच असंख्य प्रकारची प्रतिपिंडे फिरत असतात, त्यांतून आपल्याला जुळणारे तो निवडतो. मात्र निवडलेल्या रेणूच्या प्रती पेशीने कशा काढाव्यात, हे त्यांना नीट सांगता आले नाही. तो दुवा १९५७ साली मेलबर्नचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी जोडला. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड टाल्मेज यांनाही जवळजवळ तोच विचार सुचला होता. बर्नेट म्हणाले, निवड रेणूंची होत नाही, पेशींची होते. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एकाच प्रकारचे प्रतिपिंड बाळगते. परका पदार्थ ज्या पेशीच्या प्रतिपिंडाला जुळेल, तीच पेशी उद्युक्त होऊन विभागू लागते, आणि तिच्यापासून तिच्यासारख्याच पेशींचा एक वंश निर्माण होतो. अशा एकमूळ वंशाला क्लोन म्हणतात, म्हणून हा सिद्धांत क्लोन-निवडीचा सिद्धांत. बर्नेट यांनी तो ऑस्ट्रेलियातल्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापला. खरा ठरला तर श्रेय आपले, आणि खोटा ठरला तर परदेशात कोणाच्या लक्षातही येणार नाही, असा त्यामागे हिशेब असल्याचे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. मोठ्या माणसांच्या या लहानशा सावधगिरीचे कौतुक वाटते.

सिद्धांताची परीक्षा मात्र लगेच घेता येण्याजोगी होती. शिकवणीचा पक्ष खरा असेल, तर एकच पेशी दोन पदार्थांकडून दोन धडे घेऊ शकेल. निवडीचा पक्ष खरा असेल, तर एका पेशीकडे एकच प्रतिपिंड सापडले पाहिजे. बर्नेट यांच्याच संस्थेतले तरुण संशोधक गुस्ताव नोसाल आणि तेथे पाहुणे म्हणून आलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांच्या जातीतल्या मोठ्या घुशींसारख्या प्राण्यांना, म्हणजे रॅटना, दोन निरनिराळ्या जातींच्या जंतूंच्या शेपट्या टोचल्या. मग त्यांच्या लसीकाग्रंथींतून पेशी काढून एकेक पेशी तेलाखाली ठेवलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबात कोंडली. त्या थेंबात त्यांनी शेपट्या हलवीत पोहणारे जंतू सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. जंतूंचे पोहणे थांबले, म्हणजे त्या एकट्या पेशीने त्यांच्या शेपट्यांवर बसणारे प्रतिपिंड सोडले, असा अर्थ. चारशेंहून अधिक पेशी त्यांनी अशा तपासल्या. साठांच्या आसपास पेशींनी जंतू थांबविले. कोणी पहिल्या जातीचे, कोणी दुसऱ्या जातीचे. दोन्ही जातींना थांबविणारी पेशी एकही निघाली नाही. हा प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला, आणि १९६० साली बर्नेट यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कामासाठी, शरीर स्वतःला परके मानावयाचे नाही हे कसे शिकते, या संशोधनासाठी.

इतक्या असंख्य प्रकारच्या पेशी आधीच तयार कशा असतात, याचा उलगडा व्हायला आणखी अठरा वर्षे लागली. १९७६ साली सुसुमु टोनेगावा यांनी दाखविले की, प्रतिपिंडाचे जनुक अखंड नसते. ते तुकड्यातुकड्यांनी असते. अस्थिमज्जेत प्रत्येक बी पेशी घडताना यांतील काही तुकडे उचलून एकमेकांस जोडले जातात, आणि जोडणीच्या जागी काही अक्षरे वाढतात किंवा गळतात. हा जुगार प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे खेळते, आणि खेळून झाल्यावर मिळालेले दान आयुष्यभर बाळगते. बहुतेक पेशींना त्यांच्या दानाशी जुळणारा पदार्थ कधीच भेटत नाही, आणि त्या थोड्या दिवसांत किंवा आठवड्यांत मरून जातात. हा अपव्यय अवाढव्य आहे. परंतु फुरशाचे विष पहिल्यांदा टोचले जाते, तेव्हा त्याला जुळणाऱ्या मोजक्या पेशी घोड्याच्या शरीरात आधीच हजर असतात, त्या या अपव्ययामुळेच.

आता त्या मोजक्यांतली एकच पेशी डोळ्यांसमोर आणावी. ती आकाराने लहान, एका मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढी. तिच्या आत केंद्रकच बहुतेक जागा व्यापून बसलेले. भोवतीचा पेशीद्रव म्हणजे एक पातळ कड. तिच्या पृष्ठभागावर एकाच साच्याचे सुमारे एक लाख ग्राही रेणू रोवलेले असतात. हे ग्राही म्हणजे तिचे प्रतिपिंडच. फक्त त्याच्या बुडाशी पेशीच्या पडद्यात रुतणारी एक शेपटी असते. विषाचा रेणू या ग्राहींत अडकला की पेशी त्याला आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि ते तुकडे बाहेर मांडून साहाय्यक टी पेशींना दाखविते. त्यांची संमती मिळाली, म्हणजे विभाजन सुरू होते. दिवसाला दोन वेळा विभाजन झाले, असे धरू. पाच दिवसांत एकीच्या हजाराहून अधिक होतात. बुद्धिबळाच्या पटावर दुपटीने मांडलेल्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांनाच ठाऊक आहे. येथे तेच गणित चालते. विष टोचल्यापासून रक्तात प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत साधारण आठवडा का जातो, तेही यावरून ध्यानात येते.

परंतु संख्या वाढली म्हणजे काम झाले असे नाही. या वंशातल्या काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. दुसऱ्या वेळची त्वरा त्यांच्यामुळे येते. इतर काही पेशी मात्र आपले रूपच पालटतात आणि प्लाझ्मा पेशी होतात. प्रतिपिंडे खरोखर याच पेशींतून निघतात, हे स्टॉकहोममध्ये ॲस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ सालीच दाखविले होते. प्लाझ्मा पेशी ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली क्षणभरही लागत नाही. ती मूळ पेशीच्या जवळजवळ दुप्पट रुंद, लांबट गोल असते. केंद्रक मध्यभागी नसून एका कडेला ढकललेले असते. नेहमीच्या रंगद्रव्यांनी तिचा पेशीद्रव गडद निळा होतो, आणि केंद्रकाशेजारी तेवढा एक फिकट डाग राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर या निळ्या भागात काय भरले आहे ते दिसले. एकावर एक रचलेल्या चपट्या, पोकळ पडद्यांच्या घड्यांमागून घड्या, आणि प्रत्येक पडद्याच्या बाहेरच्या अंगावर रायबोझोमांचे बारीक दाणे. हीच खडबडीत आंतर्द्रव्यजालिका. खडबडीत म्हणावयाचे ते या दाण्यांमुळे, आणि निळा रंग घेतात तेही हे दाणेच. फिकट डाग म्हणजे गॉल्गी पिंड, मालाची शेवटची आवराआवर होते ती जागा.

मूळ बी पेशीत ही जालिका जेमतेम असते. पाचसहा दिवसांनंतर ती सगळी पेशी भरून टाकते. असे का व्हावे? याचे उत्तर थोड्या हिशेबाने मिळते. भरात आलेली प्लाझ्मा पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिपिंडे बाहेर सोडते, असा अंदाज आहे. मूळ पेशीने आपल्या अंगावर मिरविलेले सगळे लाखभर ग्राही या गतीने पन्नास सेकंदांत निघतील. नेहमीच्या प्रतिपिंडात चार साखळ्या असतात, दोन जड आणि दोन हलक्या. चौघींत मिळून सुमारे तेराशे ॲमिनो आम्ले ओवलेली असतात. म्हणजे सेकंदाला सव्वीस लाख ॲमिनो आम्ले ओवावी लागतात. एक रायबोझोम सेकंदाला पाचेक आम्ले ओवतो. तेव्हा कोणत्याही क्षणी पाच लाखांच्या आसपास रायबोझोम केवळ या एका कामाला जुंपलेले असले पाहिजेत. आणि त्यांना बसायला पडदा हवा. रायबोझोम दाटीवाटीने, अंगाला अंग लावून बसविले, तरी पाच लाखांना लागणारी जागा प्लाझ्मा पेशीच्या सबंध बाह्य पृष्ठभागाएवढी होते; प्रत्यक्षात तर ते अंतर सोडून बसतात. एवढा पडदा एवढ्याशा पेशीत मावायचा, तर त्याच्या घड्या घातल्यावाचून गत्यंतर नाही. हे आकडे ठोकळ आहेत, परंतु मूळ मुद्दा त्यांनी स्पष्ट होतो.

पण रायबोझोमांना पडद्यावरच बसण्याची गरज काय? पेशीद्रवात मोकळे तरंगणारे रायबोझोमही प्रथिने घडवितातच. त्याचे कारण असे की, मोकळ्या रायबोझोमाने घडविलेले प्रथिन पेशीच्या आतच राहते. प्रतिपिंडाला तर बाहेर जावयाचे असते. घडता घडताच ते जालिकेच्या पोकळीत ओवले गेले पाहिजे. ही वाट कशी सापडते, याचा पहिला धागा प्रतिपिंडांच्या अभ्यासातच हाती लागला, हा एक मोठा सुंदर योगायोग. १९७२ साली केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन आणि त्यांचे सहकारी हलकी साखळी परीक्षानळीत तयार करीत असता त्यांना आढळले की, जालिकेच्या पडद्यांवाचून घडविलेली साखळी जराशी लांब निघते; पडदे असले की ती बरोबर मापाची होते. त्या जादा तुकड्यावर जणू पत्ता लिहिलेला असतो. साखळीचे हे पहिले टोक रायबोझोमातून डोकावले की त्याला पडद्यापाशी नेले जाते, साखळी आत सरकू लागते, आणि आत गेल्यावर तो तुकडा कापून टाकला जातो. न्यूयॉर्कमध्ये गुंटर ब्लोबेल यांनी १९७५ साली उंदराच्या अर्बुदातील हलकी साखळी घेऊनच या यंत्रणेची पक्की सिद्धता दिली. त्यांना पुढे १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जालिकेची पोकळी ही नुसती वाट नसून कार्यशाळा आहे. प्रतिपिंडाच्या चार साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी टाचलेल्या असतात, आणि हे बंध पेशीद्रवात टिकत नाहीत. पोकळीतले रासायनिक वातावरण निराळे असते म्हणून तेथे ते जुळतात. जड साखळी आत आली की एक सांभाळणारे प्रथिन तिचा न दुमडलेला भाग धरून ठेवते. हलकी साखळी येऊन त्या जागी बसली, तरच ते आपली पकड सोडते. जोडीदार न मिळालेल्या जड साखळीला बाहेरचा रस्ता बंद असतो. जी साखळी नीट दुमडतच नाही, ती उलट पेशीद्रवात ढकलून तेथल्या प्रोटिॲसोम नावाच्या चरकात मोडून टाकली जाते. सेकंदाला दोन हजारांच्या गतीने एवढी तपासणी करावयाची, म्हणून पृष्ठभागाइतकीच पोकळीही प्रशस्त हवी.

या विस्ताराचा हुकूम देणारे एक प्रथिन आहे. त्याला एक्सबीपी-१ असे नाव आहे. इतर पेशींत न दुमडलेल्या साखळ्या पोकळीत तुंबल्या, की धोक्याची घंटा म्हणून ते कार्यान्वित होते आणि जालिका वाढविते. २००१ साली असे दिसून आले की, ज्या उंदरांच्या बी पेशींत हे प्रथिन नव्हते, त्यांच्या बी पेशी विभागत होत्या, परंतु त्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी जवळजवळ होतच नव्हत्या आणि रक्तात प्रतिपिंडे अत्यल्प होती. अर्थात निवड सुरळीत झाली, वंशही वाढला. परंतु कारखाना उभा राहिला नाही, तर घोडा विषाला बळीच पडावयाचा.

कारखाना उभा राहिला आणि माल बाहेर पडेना, तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. अशा प्लाझ्मा पेशीत प्रतिपिंडे जालिकेतच साचतात, ती फुगते, आणि पेशीत गुलाबी, चकचकीत गोळे दिसू लागतात. विल्यम रसेल यांनी १८९० साली ते प्रथम वर्णिले, म्हणून त्यांना रसेल पिंड म्हणतात. त्यांना मात्र ते कर्करोगाचे जंतू वाटले होते.

याहून गंभीर विकृती म्हणजे मल्टिपल मायलोमा. हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. येथे एकच वंश आवर सुटल्यासारखा वाढतो आणि अस्थिमज्जा भरून टाकतो. रोग्याच्या रक्तद्रवातील प्रथिने विद्युत्प्रवाहाने वेगळी केली, तर त्याची खूण आलेखावर दिसते. निरोगी मनुष्याच्या किंवा विष टोचलेल्या घोड्याच्या आलेखात प्रतिपिंडांच्या जागी एक पसरट टेकडी असते. कारण ती प्रतिपिंडे शेकडो-हजारो वंशांची असतात, आणि प्रत्येक वंशाचा रेणू थोडा निराळा धावतो. मायलोमात त्या टेकडीतून देवळाच्या कळसासारखे एक अणकुचीदार टोक वर येते. कोट्यवधी पेशी आणि सगळ्यांचा रेणू अक्षरशः एकच. बर्नेट यांनी कागदावर मांडलेला क्लोन असा इस्पितळातल्या कागदावर उमटतो. ही खूण दिसली म्हणजे कर्करोग झालाच, असे मात्र नाही. अनेक वयस्क माणसांत लहानसे टोक वर्षानुवर्षे तसेच निरुपद्रवी राहते, म्हणून वैद्य अस्थिमज्जा, हाडे, मूत्रपिंडे आणि रक्तातील कॅल्शियम तपासूनच निदान करतात.

या पेशींची जालिका हेच त्यांचे बळ आणि हेच त्यांचे मर्मस्थान. २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिॲसोमाचा चरक बंद पाडते. साध्या पेशीला ते काही काळ सोसते. परंतु जिच्या पोकळीत दर सेकंदाला हजारो साखळ्या दुमडत आहेत आणि बिघडलेल्यांचा निचरा सतत व्हावा लागतो, ती पेशी स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरते. अनेक रोग्यांचे आयुष्य या औषधाने वाढले आहे. तरीही रोग पुष्कळदा परततो. आणि परतलेल्या रोगात कधी कधी अशा पेशी आढळतात, ज्यांच्यात एक्सबीपी-१ कमी आहे, जालिका तुटपुंजी आहे आणि प्रतिपिंडे फारशी निघत नाहीत. पूर्ण प्लाझ्मा पेशी होण्यापूर्वीच त्या वाटेत थांबलेल्या असतात. औषधाने भरलेल्या कारखान्यांचा नाश केला. रिकाम्या राहिलेल्या तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच वंश पुढे वाढला.